तीस लाख आत्ता, की पंचवीस हजार महिना?

घटस्फोटाच्या मध्यस्थीच्या तिसऱ्या बैठकीतून ताई जो कागद घेऊन आल्या, त्यावर दोनच पर्याय होते. एक, कायमस्वरूपी पोटगी म्हणून एकरकमी ३० लाख रुपये. १५ लाख परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल होताना आणि १५ लाख सहा महिन्यांनी, दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे न्यायालयापुढे तीच संमती पुन्हा सांगायच्या दिवशी. दोन, त्याऐवजी दरमहा २५,००० रुपये, पंधरा वर्षं, प्रत्येक महिन्याच्या शेवटी बँकेत जमा. उत्तर दोन आठवड्यांत द्यायचं होतं.

पुण्यातल्या एका वकीलबाईंकडून अशी प्रकरणं अधूनमधून माझ्याकडे येतात. कायद्याचं त्या बघतात, आकड्यांचं मी. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत, हिशोबाची रीत जशीच्या तशी आहे. ताई ३८ वर्षांच्या, खासगी कंपनीत महिना ४० हजारांची नोकरी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मुलाच्या खर्चाचा वेगळा प्रश्न नव्हता. नवऱ्याचं चाकणच्या बाजूला सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप.

सोबत ताईंचा मोठा भाऊ आला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, पंचवीस हजार गुणिले एकशे ऐंशी म्हणजे पंचेचाळीस लाख. तीस घेऊन गप्प बसायचं म्हणजे पंधरा लाखांना बुडालो की नाही?" दुसरीकडे नवऱ्याच्या सीएने कागदाला एक एक्सेलची शीट जोडली होती. त्यात त्याच हप्त्यांची आजची किंमत २१ लाख ५३ हजार काढली होती आणि खाली लिहिलं होतं की एकरकमी प्रस्तावात पत्नीला जवळपास साडेआठ लाख जास्त मिळत आहेत.

म्हणजे तेच हप्ते, तीच मुदत, आणि किंमत एकाच्या मते ४५ लाख, दुसऱ्याच्या मते साडेएकवीस. गुणाकारात दोघांचीही चूक नव्हती. फरक होता तो फक्त दरात: भावाने शून्य टक्के धरला होता, समोरच्या सीएने बारा.

जुन्या पेढ्यांवर हुंडी वटवायची पद्धत आठवा. तीन महिन्यांनी मिळणारे शंभर रुपये आज हवे असतील तर पेढीवाला वटाव कापून सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव हातावर ठेवायचा. वर्तमान मूल्य काढणं म्हणजे हेच, फक्त इथे १८० हुंड्या आहेत आणि प्रत्येकीची मुदत वेगळी. वर्षाला ७ टक्के दर धरला तर पहिल्या महिन्याच्या २५,००० ची आजची किंमत सुमारे २४,८५९ रुपये येते. तिथे वटाव नावालाच. शेवटच्या, एकशेऐंशीव्या हप्त्याची किंमत मात्र फक्त ९,०६१ रुपये. ताईंना हे दाखवल्यावर त्या काही वेळ त्या ९,०६१ कडेच बघत राहिल्या. सगळे १८० आकडे असे वटवून बेरीज केली की २८ लाख १८ हजार ९६७ होते. एक्सेलमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=PV(1.07^(1/12)-1, 180, -25000)
```

या ओळीत लोक कुठे घसरतात ते सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षभरात तीन वेळा पाहिलं आहे. पहिल्या जागी सरळ ७% लिहिलं, की एक्सेल तो महिन्याचा दर समजतं आणि उत्तर साडेतीन लाखांच्या आसपास येतं. ही चूक निदान लगेच डोळ्यात भरते. ७%/12 लिहिलं तर उत्तर २७ लाख ८१ हजार येतं, कारण मग वर्षाचा खरा दर चक्रवाढीने ७.२३ टक्के होतो. ती चूक म्हणता येत नाही, पण दोन्ही बाजूंनी एकच पद्धत वापरायला हवी. हप्ता महिन्याच्या शेवटी न येता सुरुवातीला आला तर किंमत साधारण सोळा हजारांनी वाढते. तिसावर एक-दोन टक्के इकडेतिकडे करणाऱ्या या गोष्टी आहेत, भांडायचं तर दरावर भांडावं.

आणि दर कोणाचा, हा यातला खरा प्रश्न.

समोरच्या सीएंना मी फोन केला. माणूस सरळ होता. म्हणाले, "अहो, बारा टक्के तर म्युच्युअल फंडातही सुटतात. आणि आमच्या पार्टीचं ओव्हरड्राफ्टचं व्याज अकरा-बारा आहे, ते तुम्हाला माहीत नाही का?" या दोन वाक्यांत दोन वेगवेगळी कारणं होती. पैकी दुसरं अगदी बरोबर होतं, पण ते त्यांच्या अशिलापुरतं. ज्याला पैसे उभे करायला अकरा-बारा टक्के मोजावे लागतात, त्याच्या खिशातून बघितलं तर हप्त्याने देणं खरंच स्वस्त पडतं. आज तीस लाख उचलून देण्यापेक्षा ते पैसे धंद्यात फिरवून महिन्याला पंचवीस हजार देणं त्याला परवडतं. म्हणजे ती शीट खोटी नव्हती, ती देणाऱ्याच्या बाजूची होती. घेणाऱ्याच्या बाजूने तीच शीट चालत नाही, कारण ताईंचा काही ओव्हरड्राफ्ट नव्हता.

म्युच्युअल फंडाचं कारण मात्र मला मान्य नव्हतं. शेअर बाजारातून बारा मिळतात तेव्हा सोबत काही वर्षं उणे वीसही मिळतात. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला मिळणार असं गृहीत धरून किंमत काढायची असेल, तर दरही तितक्याच ठरलेल्या ठिकाणचा हवा. ताईंच्या बाबतीत मी प्रश्न असा विचारला: तीस लाख हातात आले आणि त्यातून पंधरा वर्षं दरमहा ठरावीक पैसे काढायचे ठरवले, तर डोक्याला ताप न होता किती टक्के मिळतील? याचं उत्तर एका वर्षाच्या मुदतठेवीत शोधून उपयोग नाही, कारण पुढच्या वर्षी बँक काय देईल ते आज कोण सांगणार. मुदत पंधरा वर्षांची आहे तर दरही लांब मुदतीचा बघायला हवा. केंद्र सरकारचे दहा-पंधरा वर्षांचे रोखे गेली काही वर्षं बहुतेक वेळा साधारण सहा ते साडेसातच्या पट्ट्यात राहिले आहेत आणि २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून सामान्य माणूसही ते थेट घेऊ शकतो. म्हणून सात. साडेसहा धरले असते तर हप्त्यांची किंमत २९ लाख ४ हजार आली असती, आठ धरले असते तर २६ लाख ६१ हजार. सहावर ती २९ लाख ९३ हजार, म्हणजे जवळजवळ तीसच. हे चारही आकडे मी ताईंना एकाच कागदावर लिहून दिले. नुसतं सातचं उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

एक अपवाद होता. वेगळं घर भाड्याने घेताना आणि कोर्टखर्चासाठी ताईंनी साडेतीन लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं, तेरा टक्क्यांनी. त्या साडेतीन लाखांपुरता त्यांचा दर सात नव्हता, तेरा होता. एकरकमीतले तेवढे पैसे कर्ज फेडायला गेले की तेरा टक्के वाचणार, तेही हमखास. एकाच माणसाच्या पैशाला दोन दर असू शकतात, ही गोष्ट भावाला पटायला जरा वेळ लागला.

तीस लाखही खरं तर तीस नव्हते. निम्मे सहा महिन्यांनी येणार होते, म्हणजे त्या पंधरा लाखांनाही वटाव लागतो: सात टक्क्यांनी ते आजचे साडेचौदा होतात. सहा महिन्यांचा हा थांबा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मधला. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो बंधनकारक नसून योग्य प्रकरणात माफ करता येतो असं म्हटलं आहे, पण वकीलबाई म्हणाल्या, माफी मिळेलच असं धरून चालू नका. तेव्हा एकरकमीची आजची किंमत २९ लाख ५० हजार. तुलना खरी २९.५० विरुद्ध २८.१९ अशी होती.

भावाच्या चेहऱ्यावरून पंधरा लाख बुडाल्याचा भाव अजून गेला नव्हता, म्हणून मी हिशोब उलटा करून दाखवला. तीस लाख सात टक्क्यांवर ठेवा आणि दर महिन्याला तेच पंचवीस हजार काढत राहा. पैसे किती महिने पुरतात? दोनशे एक महिने. नवऱ्याचे हप्ते १८० ला संपतात, ताईंचे स्वतःचे त्यापुढे आणखी पावणेदोन वर्षं चालतात. किंवा नेमके १८० महिने पुरवायचे असतील तर महिन्याला २५ हजार नाही, २६,६०५ काढता येतात. वर्तमान मूल्य हा शब्द ज्यांना पचत नाही त्यांना ही उलटी रीत पटकन कळते, आणि दोन्हींचं उत्तर एकच असतं. इथे पूर्ण तीस लाख पहिल्या दिवशी हातात आहेत असं धरलं आहे, हे भावाने स्वतःच पकडलं. तिथून पुढे त्याने पंचेचाळीसचं नाव काढलं नाही.

पण त्याने दुसरा प्रश्न काढला, आणि तो चांगला होता. "पंधरा वर्षांनी पंचवीस हजारांत काय येणार, साहेब?"

महागाईच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. लोक आधी प्रत्येक हप्त्यातून महागाई वजा करतात आणि मग उरलेल्याला सात टक्क्यांनी वटवतात. तसं केलं की महागाई दोनदा कापली जाते, कारण सरकारी रोख्याच्या सात टक्क्यांत गुंतवणूकदाराने महागाईची भरपाई आधीच मागून घेतलेली असते. रुपये पुढचे तर दर पूर्ण. रुपये आजच्या किमतीत मांडले तर दरातूनही महागाई काढा. दोन्हीपैकी एकच करायचं. सपाट पंचवीस हजारांची किंमत २८.१९ लाख आली त्यात महागाईचा मार धरलेला आहे, वेगळा काही करायचा नाही. भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर हिशोबात नाही, करारात आहे: हप्ता वाढता मागा.

वकीलबाईंनी आधी वर्षाला पाच टक्के वाढ मागितली. तशा हप्त्यांची किंमत सात टक्क्यांनी ३८ लाखांवर जाते आणि शेवटच्या वर्षी महिना साडेएकोणपन्नास हजार होतो. समोरून लगेच नकार आला. मग दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढीवर ते इतक्या सहज तयार झाले की मला जरा आश्चर्यच वाटलं. नंतर लक्षात आलं, पहिली तीन वर्षं त्यात एक रुपयाही जास्त द्यायचा नव्हता. २५,०००, मग २७,५००, मग ३०,२५०, असं करत शेवटची तीन वर्षं ३६,६०२. याची आजची किंमत ३३ लाख १३ हजार. आता तुलना फिरली: २९.५० विरुद्ध ३३.१३, म्हणजे मासिक हप्ते साडेतीन लाखांनी वरचढ. भावाने टेबलावर हात मारला.

इथवर सगळा हिशोब एका गृहीतावर उभा होता. ते म्हणजे १८० च्या १८० हप्ते येतील.

ताईंना मी बँकेचं पासबुक मागितलं. खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा आदेश झाला होता, महिना १५ हजार. चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. मी पेन्सिलने तारखा लिहिल्या: ५, ५, ६, ५, १९, ५, मग एक महिना काहीच नाही, आणि पुढच्या महिन्यात दोन हप्ते एकत्र, वकिलांच्या नोटिशीनंतर आठ दिवसांनी. एकूण चौदापैकी पाच उशिरा, त्यातले दोन नोटीस गेल्यावर. शेवटी मात्र सगळे आले होते.

भाऊ उशिरावर चिडला होता. मला उशिराची फारशी काळजी नव्हती. सगळेच्या सगळे हप्ते कायम एक महिना उशिरा आले तरी किमतीत अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो, सपाट हप्त्यांवर साधारण सोळा हजार. त्रास होतो, भाड्याची तारीख चुकते, मान खाली घालून फोन करावा लागतो. पण पंधरा वर्षांच्या किमतीत ते किरकोळ आहे. पैसे खरे जातात ते हप्ते कायमचे थांबले तर. आणि थांबायची कारणं त्या पासबुकात दिसत नव्हती, नवऱ्याच्या धंद्यात आणि कायद्यात दिसत होती.

नोकरदार माणसाच्या पगारातून न्यायालय रक्कम कापून घ्यायला लावू शकतं. वर्कशॉपच्या मालकाला पगार नसतो. उत्पन्नाचे आकडे तोच ठरवतो. मोठ्या कंपनीची एक ऑर्डर गेली तर धंदा बसू शकतो. परिस्थिती बदलली म्हणून कलम २५(२) खाली रक्कम कमी करून मागायला तो येऊ शकतो. तसाच वाढवून मागायचा हक्क ताईंनाही आहे, हेही तितकंच खरं. आणि कलम २५(३) प्रमाणे पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर समोरच्याच्या अर्जावर न्यायालय आदेश बदलू किंवा रद्द करू शकतं. वकीलबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा ताई खिडकीबाहेर बघत होत्या. ती शक्यता किती धरायची हे मी विचारलं नाही. तो आकडा माझ्या शीटमध्ये घालायचा नसतो.

हा धोका दरातच मिसळून टाका, सातऐवजी अकरा धरा, असं बरेच जण करतात. गणित चुकत नाही, पण एकदा मिसळलं की वेळेचा वटाव किती आणि भरवशाचा किती हे कोणालाच दिसत नाही आणि समोरच्याशी बोलता येत नाही. मी दोन्ही वेगळे ठेवतो. दर सातच. शेजारी एक प्रश्न: चालू असलेले हप्ते येत्या वर्षभरात कायमचे थांबतील, याची शक्यता शंभरात किती? शक्यता एक टक्का असेल तर पहिल्या वर्षाअखेरचा हप्ता ०.९९ ने गुणायचा, दुसऱ्या वर्षाअखेरचा ०.९९ च्या वर्गाने, असं पुढे. एक्सेलमध्ये महिन्यागणिक एक स्तंभ वाढतो, बस.

त्या स्तंभात वर्षाला दोन टक्के घातले तर वाढत्या हप्त्यांची किंमत ३३.१३ वरून २८.९५ लाखांवर येते, म्हणजे एकरकमीच्या खाली. पाच टक्के घातले तर २३.८८. दोन्ही प्रस्ताव बरोबरीला येतात ते साधारण १.७ टक्क्यांना. हा आकडा ऐकून भाऊ म्हणाला, "एवढासाच?" वर्षाला १.७ टक्के म्हणजे पंधरा वर्षांत केव्हातरी हप्ते थांबण्याची शक्यता शंभरात तेवीसच्या आसपास. पाच टक्क्यांना ती शंभरात चोपन्न होते. मग मी प्रश्न पुन्हा असा विचारला: अशी चार माणसं घ्या, स्वतःचं वर्कशॉप असलेली, घटस्फोट झालेली. त्यातला एक तरी पंधरा वर्षांत मध्येच थांबेल असं वाटतं का? वाटत असेल तर तीस लाख घ्या. चौघंही शेवटपर्यंत देतील असं वाटत असेल तर हप्ते घ्या.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि कोणत्याही तक्त्यात मिळणार नव्हतं. माझं काम पंचेचाळीस विरुद्ध साडेएकवीस हे भांडण या एका प्रश्नापर्यंत आणून ठेवण्याचं होतं. नवऱ्याला अकरा वर्षं ओळखणारी व्यक्ती समोर बसली होती. ताई म्हणाल्या, "चौघांतले दोन थांबतील. आणि हा त्या दोघांतला असेल."

भाऊ गप्प बसला.

कराचं राहिलं, तेही सांगतो. एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची प्राप्ती, तिच्यावर आयकर नाही. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्न. मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या महेश्वरीदेवींच्या खटल्यात हा फरक केला, तो निकाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याचाच दाखला दिला जातो. ताईंच्या बाबतीत याने फरक पडत नव्हता: पगार वर्षाला ४ लाख ८० हजार, पोटगी तीन लाख, बेरीज पावणेआठच्या आसपास, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्यावर येतो. पण हीच बाई तीस टक्क्यांच्या पायरीवर असती तर पंचवीस हजारांतले हातात १७,२०० उरले असते. त्याच वेळी तीस लाखांवरचं व्याजही करपात्र, त्यामुळे तिचा दर सातवरून ४.८ वर आला असता. दर उतरला की हप्त्यांची किंमत वाढते, तरीही बेरीज सुमारे २२ लाख होते. जास्त पगाराच्या अशिलाला मासिक पोटगी सुचवण्याआधी वकिलांनी हे एकदा करून बघावं. दोन्ही बाजूंना कर लावायचा, फक्त हप्त्याला लावून दर तसाच ठेवला तर उत्तर एकरकमीच्या बाजूला उगाच झुकतं.

एकरकमी घ्यायचं ठरल्यावरही काम संपलं नव्हतं, कारण वाढत्या हप्त्यांना त्यांनी स्वतः होकार दिला होता. वकीलबाईंनी पुढच्या बैठकीत तो मुद्दा पकडला. तुम्ही मान्य केलेल्या हप्त्यांची सरकारी रोख्याच्या दराने किंमत ३३ लाख १३ हजार होते. तुमचा माणूस शेवटपर्यंत देणार हे तुमचंच म्हणणं. मग तीस का? समोरच्या सीएंनी पुन्हा बाराची शीट काढली. तेव्हा वकीलबाईंनी विचारलं, "सरकारला सात टक्क्यांनी पैसे मिळतात आणि तुमच्या अशिलाच्या शब्दाला तुम्हीच बारा लावताय. मग आम्ही या शब्दावर पंधरा वर्षं बसायचं?" मध्यस्थ हसले. त्यानंतर हप्त्यांचा विषय दोन्ही बाजूंनी सोडला आणि बोलणी एकरकमीच्या आकड्यावर आली.

त्याच्या खिशातून बघितलं तर अकरा टक्क्यांनी ते वाढते हप्ते फक्त २६ लाखांना पडत होते, म्हणजे तीस देणंही त्याला महागच होतं. तरी तो वर आला. पंधरा वर्षं डोक्यावर कलम २५(२) चा अर्ज टांगलेला नको, हे त्याच्या वकिलांनी त्याला समजावलं असावं. ३२ लाखांवर मिटलं, आणि आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते असं की २० लाख अर्जाच्या दिवशी आणि फक्त १२ लाख दुसऱ्या मोशनला. याची आजची किंमत ३१ लाख ६० हजार. सहा महिन्यांत तो फिरला, संमती काढून घेतली, तर अडकणारी रक्कम पंधरावरून बारावर आली होती. वीस लाखांचं काय होईल तेही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या करारात, एका वेगळ्या परिच्छेदात लिहून घेतलं, कारण ते लिहिलं नाही तर ती रक्कम परत मागण्यावरून दुसरं भांडण सुरू होतं.

अर्जाच्या दिवशी ताईंनी डिमांड ड्राफ्टचा फोटो मला पाठवला. साडेतीन लाखांचं कर्ज त्याच आठवड्यात फेडलं. उरलेल्यातले बारा लाख पंधरा वर्षांच्या सरकारी रोख्यात गेले, ६.८ टक्क्यांना, सात मिळाले नाहीत. रोख्याचं व्याज सहा महिन्यांनी येतं, महिन्याला नाही, हे मी आधी सांगायला विसरलो होतो. त्यांनी फोन करून विचारलं, "साहेब, मग मधल्या महिन्यांत भाड्याचं काय करायचं?" साडेचार लाख बँकेत ठेवायला सांगितले आणि माझी शीट उघडून त्या साडेचार लाखांसमोरचा दर सातवरून खाली आणला.